जिल्हा परिषदेकडे दुसरं चालू बिल अडकलंय; कार्यकारी अभियंत्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा तपासून द्याल का?

दुधना_काठ

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला छोटा नोंदणीकृत कंत्राटदार आहे. जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेच्या दोन वर्गखोल्यांचं काम माझ्याकडे आहे. कराराची रक्कम जीएसटी सोडून २२,४०,००० रुपये. जोत्यापर्यंतचं पहिलं बिल ६,१०,००० रुपयांचं होतं, ते व्यवस्थित मिळालं. स्लॅब पडल्यावर दुसरं चालू बिल टाकलं, त्याचं काही होईना. उपविभागात विचारलं की "वर पाठवलंय" म्हणतात, विभागात विचारलं की "बघतो" म्हणतात. सिमेंट-सळईवाल्याची उधारी थकली आहे आणि सेंट्रिंगवाला रोज दारात येतो. शाळेची पोरं सध्या मंदिराच्या ओट्यावर बसतात, त्यामुळे काम थांबवायची माझी इच्छा नाही.

उद्या पत्र द्यायचं ठरवलंय. नावं आणि क्रमांक काढून मसुदा देतो:

"महोदय, मी आपल्या विभागाचे काम प्रामाणिकपणे व दर्जेदार केले असून माझे दुसरे बिल रु. ९,७३,५०० अद्याप मिळालेले नाही. मी गरीब कंत्राटदार असून कर्जबाजारी झालो आहे. तरी माझे बिल त्वरित अदा करावे. आठ दिवसांत बिल न मिळाल्यास नाइलाजाने काम बंद करावे लागेल व होणाऱ्या परिणामास आपले कार्यालय जबाबदार राहील. माहितीस्तव प्रत : मा. पालकमंत्री, मा. आमदार, मा. जिल्हाधिकारी."

यात काय कमी-जास्त करावं?

वऱ्हाडी_गिट्टी

भाऊ, येवढं रडगाणं कशाला? तुमची उद्यम नोंदणी असेल ना? मग कायद्यानं ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. पत्रात एकच ओळ टाका, "एमएसएमई कायदा २००६, कलम १५ व १६ प्रमाणे व्याजासह रक्कम द्यावी," आणि समाधान पोर्टलवर तक्रार ठोका.

सुनंदा_जिंतूर

आमच्या ह्यांनी ग्रामपंचायतीच्या नालीचं काम केलं होतं. अनामत रक्कम अजून परत दिली नाही, दोष दायित्वाचा कालावधी संपूनही. दादा, तुम्ही आधी ग्रामसेवकांकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्या, त्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

दुधना_काठ

ताई, माझं काम अजून चालू आहे, गिलावा आणि फरशी बाकी आहे. हे मधलं बिल आहे, अनामतीचा विषय नाही. तुमचं प्रकरण मात्र खरंच अन्यायाचं आहे.

निवृत्त_विभागीय_लेखा

मी बांधकाम विभागाच्या लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. तुमच्या पत्रात तळमळ आहे, पण ज्या टेबलावर ते पोचेल तिथल्या माणसाला त्यावरून काहीच करता येणार नाही. कोणतं काम, कोणता करार, मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक काय, पान कोणतं, यातलं काही नाही. असं पत्र आलं की त्यावर "उपअभियंता यांनी अहवाल द्यावा" असा शेरा पडतो आणि ते खाली उपविभागात जातं. खालून अहवाल वर यायला पुन्हा वेळ. पत्रामुळेच फाइल एक फेरी जास्त मारते.

त्याआधी एक गोष्ट शोधा: तुमचं बिल नेमकं कुठे आहे? चालू बिल तीन ठिकाणी थांबतं. एक, मोजमापंच पुस्तिकेत चढलेली नसतात. दोन, मोजमापं झाली, उपअभियंत्याने तपासली, बिल विभागात आलं, पण लेखा शाखेने त्रुटी काढली. तीन, बिल मंजूर झालं पण त्या लेखाशीर्षाला निधी आलेला नाही. तिन्हींची पत्रं वेगळी. निधीच नसेल तर अभियंत्याला दिलेल्या इशाऱ्याचा उपयोग शून्य. आणि त्रुटी लागली असेल तर "निधी उपलब्ध करून द्यावा" असं लिहिणारं पत्र वाया जातं.

आवक शाखेतून बिलाचा उपविभागाकडील जावक क्रमांक घ्या. मग लेखा शाखेत जाऊन तेवढाच क्रमांक दाखवून विचारा की हे कोणत्या टेबलावर आहे आणि शेरा काय आहे. ते कळल्याशिवाय पत्र देऊ नका.

शाखा_अभियंता_तालुका

मी दुसऱ्या जिल्ह्यात सेवेत आहे, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. कंत्राटदार म्हणतो बिल "टाकलं", पण बऱ्याचदा ते अर्धं असतं. स्लॅबचं बिल आहे ना? मग २८ दिवसांच्या क्यूबचा अहवाल जोडलाय का? सळईची चाचणी? खडी आणि कृत्रिम वाळूच्या स्वामित्वधनाच्या पावत्या? पावत्या नसल्या तर स्वामित्वधन बिलातून कापलं जातं. चाचणी अहवाल नसला तर मात्र बिलच परत येतं.

दुसरं म्हणजे कामाची मुदत. करारातली मुदत संपली आणि मुदतवाढ मंजूर नसेल तर लेखा शाखा हमखास आक्षेप घेते. तुमची मुदत कुठवर आहे?

दुधना_काठ

आज लेखा शाखेत जाऊन आलो. निवृत्त साहेबांनी सांगितलं तसं जावक क्रमांक दाखवून विचारलं, तेव्हा पहिल्यांदा नीट उत्तर मिळालं. बिलावर पेन्सिलने शेरा आहे: "पायाचे खोदकाम व मुरूम भराव, परिमाण अंदाजपत्रकापेक्षा जास्त. मंजुरी जोडावी."

झालं असं की आमच्याकडे काळी माती. अंदाजपत्रकात पाया १.५ मीटर धरला होता, कठीण मुरूम लागेपर्यंत २.१ मीटर जावं लागलं. पहिल्या बिलात अंदाजपत्रकाएवढंच खोदकाम घेतलं होतं. वाढीव खोदकाम आणि भराव दुसऱ्या बिलात आला. त्याची किंमत सगळी मिळून ७८,००० रुपये. क्यूब अहवाल जोडलेले आहेत. कामाची मुदत मात्र पुढच्या महिन्यात संपते.

निवृत्त_विभागीय_लेखा

आता चित्र स्पष्ट झालं. निधीचं काय म्हणाले?

दुधना_काठ

निधी आलेला आहे, पण मार्चनंतर राहील का सांगता येत नाही म्हणाले.

निवृत्त_विभागीय_लेखा

मग हाच पत्राचा गाभा. ८,२५,००० चं बिल ७८,००० साठी थांबलं आहे. वाढीव परिमाणाला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि ती मागणं लेखा शाखेचं कामच आहे, त्यांच्यावर राग धरू नका. पण ती मंजुरी येईपर्यंत वाद नसलेली रक्कम अडवून ठेवायची गरज नसते. चालू बिल म्हणजे तात्पुरते दिलेले पैसे असतात, अंतिम बिलात सगळं जुळवलं जातं. म्हणून वादातली रक्कम राखून उरलेलं पास करता येतं. मी स्वतः अशी बिलं पास केली आहेत. विनंती तुमच्याकडून लेखी आली की कार्यकारी अभियंत्यालाही निर्णय घेणं सोपं जातं.

एक प्रश्न महत्त्वाचा आहे. २.१ मीटर खोली मोजमाप पुस्तिकेत केव्हा नोंदली? पाया भरण्याआधी की नंतर?

दुधना_काठ

आधी. शाखा अभियंता साहेबांनी खड्डे उघडे असताना मोजून नोंद केली, उपअभियंता साहेबही येऊन पाहून गेले. टेप लावलेले फोटो आहेत.

शाखा_अभियंता_तालुका

मग तुमचं काम वाचलं. झाकलेल्या कामाची नोंद नंतर केली असती तर कोणीच सही करायला धजावलं नसतं, कारण ते पुन्हा उघडून मोजता येत नाही. पत्रात त्या नोंदीचं पान आणि तारीख नक्की लिहा. शाखा अभियंत्याला सांगून वाढीव परिमाणाचा प्रस्ताव वेगळा करून घ्या. तो बिलासोबत बांधून राहिला तर दोन्ही अडकतात.

वऱ्हाडी_गिट्टी

आणि व्याजाचं काय? ४५ दिवस होऊन गेले असतील. कायदा आपल्या बाजूनं आहे तर सोडायचा कशाला?

कोर्ट_रोड_सांगली

वकिली करतो, म्हणून थोडं सांगतो. वऱ्हाडी_गिट्टी यांनी कलमं आणि व्याजाचा दर बरोबर सांगितला आहे. अडचण अशी की तो कायदा माल पुरवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे. बांधकामाचं कंत्राट, ज्यात माल आणि मजुरी एकत्र असते, ते त्यात बसतं का यावर वाद झाले आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत ते बसत नाही असं म्हटलं आहे. आपण महाराष्ट्रात आहोत, त्यामुळे समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. विटा, पेव्हर ब्लॉक असा नुसता पुरवठा असता तर मी हे कलम पुढे केलं असतं. इथे पत्रात ते घातलं तर कार्यालय पत्र विधी सल्लागाराकडे पाठवेल आणि बिल तिथेच राहील.

मुदतीच्या कायद्याची गोष्ट मात्र प्रत्येक कंत्राटदाराने लक्षात ठेवावी. थकलेल्या पैशासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. आपण कितीही स्मरणपत्रं दिली तरी ती वाढत नाही. वाढते ती समोरच्याने मुदतीच्या आत, लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं तर. म्हणून पत्रात नुसते पैसे मागू नका, उत्तरही मागा: "देयकाची सद्यःस्थिती व देय रक्कम लेखी कळवावी." कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर पुढे फार कामी येतं. चालू बिलाची मुदत त्या बिलापासून मोजायची की अंतिम बिलापासून, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात, म्हणून सुरक्षित बाजूने आधीची तारीख धरा.

वऱ्हाडी_गिट्टी

आमच्या चंद्रपूरच्या मित्राला एमएसएमई कायद्याखालच्या परिषदेकडून व्याजाचा आदेश मिळाला होता ना! त्याचं तर रस्त्याचंच काम होतं.

कोर्ट_रोड_सांगली

मिळाला असेल. पुढे न्यायालयात तो टिकला का, ते त्यांना विचारा.

निवृत्त_विभागीय_लेखा

आता मसुद्यातली दोन वाक्यं काढा. पहिलं, "काम बंद करावे लागेल". पैसे थकले म्हणून काम बंद करायची मुभा आपल्या करारात सहसा नसते. तुम्ही स्वतःच्या सहीने तसं लिहून दिलं की उद्या दंड लावताना तेच पत्र तुमच्या विरुद्ध फाइलमध्ये लागेल. त्याऐवजी, पैसे न आल्याने कामाची गती कमी झाली असं लिहा आणि मुदतवाढीचा अर्ज आजच वेगळा द्या. मुदत संपायच्या आत दिलेल्या अर्जाचं वजन वेगळं असतं.

दुसरं, पालकमंत्री आणि आमदारांच्या प्रती. पहिल्याच पत्राला त्या लावल्या की खालचे सगळे लोक सावध होतात आणि सुटसुटीत निर्णय घ्यायला कोणी तयार होत नाही. प्रत द्यायची ती मुख्य लेखा व वित्त अधिकारी आणि उपअभियंता यांना, कारण काम त्यांच्या हातून होणार आहे.

रकमेबद्दलही सांगतो. तुम्ही ९,७३,५०० मागितले, म्हणजे ८,२५,००० वर १८ टक्के जीएसटी. हातात तेवढे येणार नाहीत. ७८,००० राखले तर कामाची रक्कम ७,४७,०००. त्यावर जीएसटी १,३४,४६० धरून ८,८१,४६० होतात. कपाती जीएसटी सोडून मूळ रकमेवर होतील: प्राप्तिकर १ टक्का, जीएसटीची उद्गम कपात २ टक्के, कामगार उपकर १ टक्का, आणि तुमच्या करारात चालू बिलातून २ टक्के सुरक्षा ठेव असेल तर ती. एकूण ४४,८२०. हातात ८,३६,६४०. सळईवाल्याला शब्द द्यायचा तो या आकड्यावर द्या. प्राप्तिकराचा १ टक्का तुम्ही वैयक्तिक नावाने काम करता असं धरून आहे, भागीदारी संस्था असेल तर २ टक्के कापतील.

सुनंदा_जिंतूर

जीएसटीचं बिल पत्राला जोडायचं का? आमच्या भावाने आधीच टॅक्स इनव्हॉइस देऊन ठेवलं होतं, पैसे यायच्या आत त्याला कर भरावा लागला.

निवृत्त_विभागीय_लेखा

ताई, चांगला प्रश्न काढलात. आमच्याकडे कंत्राटदार बिल पास झाल्यावर, पास रकमेचं इनव्हॉइस देत. रक्कम कमी-जास्त होत असल्याने तेच सोयीचं. पण करारात पैसे देण्याचा टप्पा कसा लिहिला आहे त्यावर इनव्हॉइसची वेळ ठरते. हे कर सल्लागाराला करार दाखवूनच ठरवावं.

दुधना_काठ

सगळ्यांचं ऐकून पत्र पुन्हा लिहिलं आहे. कार्यालयाची भाषा जमेल तशी ठेवली आहे:

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, ......

विषय : जि. प. प्राथमिक शाळा, मौजे ......, येथील दोन वर्गखोल्यांचे बांधकाम. दुसऱ्या चालू देयकातील निर्विवाद रक्कम अदा करणेबाबत.

संदर्भ : १) करारनामा क्र. ...... दि. ......
२) मोजमाप पुस्तिका क्र. ......, पृष्ठ ...... ते ......
३) उपअभियंता, उपविभाग ...... यांचे जा. क्र. ...... दि. ......

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर कामाचे स्लॅबपर्यंतचे काम पूर्ण झाले असून त्याची मोजमापे संदर्भ २ प्रमाणे नोंदविण्यात आली आहेत. आजपर्यंतच्या कामाचे मूल्य रु. १४,३५,००० असून पहिल्या देयकाची रक्कम रु. ६,१०,००० वजा जाता दुसऱ्या चालू देयकाची रक्कम रु. ८,२५,००० होते (जीएसटी वगळून). सदर देयक संदर्भ ३ अन्वये आपल्या विभागास प्राप्त आहे.

सदर देयकात पायाचे खोदकाम व मुरूम भराव या बाबींचे वाढीव परिमाण समाविष्ट असून त्याची रक्कम रु. ७८,००० आहे. काळ्या मातीमुळे पाया १.५ मीटरऐवजी २.१ मीटर खोल घ्यावा लागला. पाया भरण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजणी होऊन त्याची नोंद पुस्तिकेच्या पृष्ठ ...... वर दि. ...... रोजी घेण्यात आली आहे. या वाढीव परिमाणास मंजुरी मिळणेबाबतचा प्रस्ताव स्वतंत्रपणे सादर होत आहे.

तरी सदर मंजुरीच्या अधीन राहून रु. ७८,००० राखून ठेवावेत व उर्वरित रु. ७,४७,००० तसेच त्यावरील नियमानुसार जीएसटी, नियमाप्रमाणे कपाती करून, उपलब्ध निधीतून अदा करण्यात यावेत, ही विनंती. राखून ठेवलेल्या रकमेवरील माझा हक्क कायम आहे.

देयक प्रलंबित असल्याने कामाच्या गतीवर परिणाम झाला आहे. मुदतवाढीचा अर्ज स्वतंत्रपणे सादर केला आहे. देयकाची सद्यःस्थिती व देय रक्कम कृपया लेखी कळविण्यात यावी.

आपला विश्वासू,
......

सोबत : क्यूब व सळई चाचणी अहवाल, स्वामित्वधनाच्या पावत्या, पायाच्या खोलीची छायाचित्रे.
प्रत : १) मा. मुख्य लेखा व वित्त अधिकारी, जि. प. २) उपअभियंता, उपविभाग ......

शाखा_अभियंता_तालुका

हे पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मी त्याच दिवशी टिपणी लिहिली असती. एक दुरुस्ती सुचवतो. "निर्विवाद" हा शब्द विषयात नको. त्यामुळे बाकीच्या रकमेवर विवाद आहे हे तुम्हीच मान्य करताय असं होतं. "वाढीव परिमाणाची रक्कम वगळून उर्वरित रक्कम" असं लिहा.

कोर्ट_रोड_सांगली

सहमत. हक्क कायम ठेवल्याचं वाक्य मात्र आहे तसंच ठेवा. आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

निवृत्त_विभागीय_लेखा

आणि शेवटच्या तिमाहीची वाट पाहू नका. मार्चमध्ये सगळ्या जिल्ह्याची बिलं एकदम येतात आणि आधी पूर्ण असलेली फाइल पुढे जाते.

दुधना_काठ

विषयातला शब्द बदलून पत्र आवक केलं, शिक्का घेतला. मुदतवाढीचा अर्जही त्याच दिवशी दिला. लेखा शाखेतल्या बाईंनी पत्र वाचून विचारलं की राखून ठेवायची रक्कम उपअभियंत्यांनी प्रमाणित केली आहे का. म्हणून उपविभागातून ७८,००० चं विवरण सहीसह आणून दिलं. बिल आता कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर गेलं आहे. लेखी उत्तर अजून नाही.

वऱ्हाडी_गिट्टी

दप्तर दिरंगाईचा कायदा आहे ना, २००५ चा. सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल एका टेबलावर ठेवता येत नाही. त्याचं स्मरणपत्र द्या.

कोर्ट_रोड_सांगली

सात कामाचे दिवस हे बरोबर आहे. पण हा कायदा शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि दिरंगाईसाठीचा आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांवर तो थेट लागतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यापेक्षा माहितीच्या अधिकारात अर्ज करा. बिल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होतं त्या नोंदींची आणि मोजमाप पुस्तिकेच्या तुमच्या पानांची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि मिळालेली प्रत पुरावा म्हणून उभी राहते.

निवृत्त_विभागीय_लेखा

माहितीचा अर्ज आत्ताच नको. फाइल सहीच्या टेबलावर आहे, आठवडाभर थांबा. पुस्तिकेच्या पानांची प्रत मात्र शाखा अभियंत्याकडून आजच साध्या विनंतीवर मिळते का बघा, बहुतेक ठिकाणी देतात.

सुनंदा_जिंतूर

अनामतीसाठी असंच पत्र लिहायचं असेल तर संदर्भात काय काय टाकायचं? आमच्याकडे फक्त कार्यारंभ आदेश आणि शेवटच्या बिलाची पावती आहे.

निवृत्त_विभागीय_लेखा

ताई, अंतिम बिलाची तारीख आणि त्यातून किती ठेव कापली ते त्या पावतीवर असेल. दोष दायित्वाचा कालावधी केव्हा संपला ते करारात बघा आणि त्या काळात दुरुस्तीची नोटीस आली होती का ते आठवा. करार नसेल तर आधी ग्रामपंचायतीकडून त्याची प्रत मागा. वेगळा धागा काढा, तिथे मसुदा करू.